दरमहा ३,००० ची आरडी: ५ वर्षांनी २,१४,०९७ कसे होतात

प्रश्न: पोस्टात दरमहा ३,००० ची आरडी उघडली. मुदत ५ वर्षं, व्याज ६.७ टक्के. माझा हिशोब असा: एकूण १,८०,००० भरणार, त्यावर ६.७ टक्क्यांनी ५ वर्षांचं व्याज ६०,३००, म्हणजे हातात २,४०,३०० यायला हवेत. काउंटरवर मात्र २,१४,०९७ सांगितले. मधले २६,००० कुठे गेले? हा आकडा काढतात तरी कसा?

उत्तर:

तुमचे पैसे कुठेही गेलेले नाहीत. काउंटरवरचा आकडा बरोबर आहे आणि तो तुम्ही स्वतः घरी बसून काढू शकता. मी अल्पबचतीची एजंट आहे, बावीस वर्षं लोकांचे आरडीचे हप्ते गोळा करून पोस्टात भरते. हा प्रश्न मला वर्षातून पंधरा-वीस वेळा तरी ऐकू येतो. विचारणाऱ्यांत शिक्षक असतात, दुकानदार असतात, एकदा तर एका हिशोबनिसानेही विचारला होता. चूक सगळ्यांची एकाच जागी होते.

१,८०,००० वर ५ वर्षांचं व्याज मिळायला ते १,८०,००० पहिल्या दिवशी पोस्टात असायला हवेत. तसे असते तर ती आरडी नसती, मुदत ठेव झाली असती. तुम्ही पहिल्या दिवशी दिलेत फक्त ३,०००. ते ३,००० पूर्ण ६० महिने पोस्टात राहणार आहेत. दुसऱ्या महिन्याचे ३,००० राहणार ५९ महिने, तिसऱ्याचे ५८. असं उतरत उतरत शेवटचा, साठावा हप्ता तिथे राहतो फक्त एक महिना. खातं १० जूनला उघडलं असेल तर साठावा हप्ता पाचव्या वर्षीच्या मे महिन्यात जातो आणि खातं पिकतं १० जूनला. त्या शेवटच्या ३,००० ना तुम्ही पाच वर्षांचं व्याज धरलंत, म्हणजे १,००५ रुपये. खरं तर त्यांना सतरा रुपयेसुद्धा मिळत नाहीत.

हे नीट कळण्यासाठी मी लोकांना एकच आकडा पाठ करायला सांगते: तुमच्या एका हप्त्याचं एका महिन्याचं व्याज. ३,००० गुणिले ६.७ भागिले १,२००, म्हणजे १६ रुपये ७५ पैसे. (१,२०० का, तर शंभर टक्क्यांचे आणि बारा महिन्यांचे.) आता एवढंच मोजायचं की असे १६.७५ किती वेळा मिळतात. पहिला हप्ता ६० वेळा मिळवतो, दुसरा ५९ वेळा, शेवटचा एकदा. १ ते ६० ची बेरीज शाळेत शिकलेल्या रीतीने ६० गुणिले ६१ भागिले २, म्हणजे १,८३०. तेव्हा सरळव्याजाने तुमचं व्याज झालं १,८३० गुणिले १६.७५, म्हणजे ३०,६५२ रुपये ५० पैसे.

तुम्ही मात्र न कळत साठही हप्त्यांना प्रत्येकी ६० महिने दिलेत, म्हणजे १,८३० च्या जागी ३,६००. मुद्दल निम्म्याहून थोडा जास्त वेळच पोस्टात असतं, म्हणून व्याजही निम्म्याच्या थोडं वरच येतं. २६,००० चा फरक एवढ्या एका गोष्टीचा आहे. उलट चक्रवाढीमुळे तो थोडा कमीच झालाय, ते पुढे येतं.

इथे बऱ्याच जणांचा दुसरा प्रश्न निघतो, आणि तो रागाने विचारला जातो: "म्हणजे ६.७ टक्के सांगून ३.८ टक्केच देतात का?" ३४,०९७ ला १,८०,००० ने भागलं तर १८.९४ टक्के येतात, पाचाने भागलं तर वर्षाला ३.७९. भागाकार बरोबर आहे, पण खालची रक्कम चुकली आहे. पाच वर्षांत तुमचे सरासरी किती पैसे पोस्टात होते ते बघा. प्रत्येक हप्ता सरासरी साडेतीस महिने राहिला. ३,००० चे ६० हप्ते साडेतीस महिने ठेवणं म्हणजेच ९१,५०० रुपये पूर्ण ६० महिने ठेवणं. आता ९१,५०० वर ६.७ टक्क्यांनी ५ वर्षांचं व्याज काढा. पुन्हा ३०,६५२.५० च येतं, पैशाचाही फरक नाही. दर पूर्ण ६.७ च मिळतोय, फक्त जे पैसे ज्या दिवशी पोस्टात नव्हते त्यांच्यावर तो मिळत नाही.

आता ३०,६५२ चे ३४,०९७ कसे होतात ते बघू. मधले साधारण ३,४४५ रुपये चक्रवाढीचे आहेत. पोस्टाच्या आरडीत व्याज दर तीन महिन्यांनी मुद्दलात मिळवलं जातं. दर वर्षाला ६.७, म्हणजे तिमाहीला त्याचा चौथा हिस्सा, १.६७५ टक्के. वहीचं एक पान घ्या आणि माझ्यासोबत चार तिमाह्या करा, मग सूत्राची भीती वाटणार नाही.

पहिल्या तिमाहीत तीन हप्ते गेले. पहिला तीन महिने राहिला, दुसरा दोन, तिसरा एक. झाले सहा महिने, म्हणजे सहा वेळा १६.७५, म्हणजे १००.५०. तिमाहीअखेर खात्यात ९,१००.५०.

दुसऱ्या तिमाहीत दोन गोष्टी घडतात. आधीचे ९,१००.५० तीनही महिने पडून राहिले, त्यांना १.६७५ टक्क्यांनी १५२.४३ मिळाले. नवे तीन हप्ते आले, त्यांना पुन्हा तेच १००.५०. बेरीज १८,३५३.४३. तिसऱ्या तिमाहीत १८,३५३.४३ वर ३०७.४२ व्याज, त्यात नवे ९,१००.५०, झाले २७,७६१.३५. चौथीत २७,७६१.३५ वर ४६५ रुपये, पुन्हा ९,१००.५०, आणि वर्षअखेर ३७,३२६.८५. भरलेत ३६,०००, व्याज झालं १,३२६.८५.

नवे तीन हप्ते आणि त्यांचे १००.५० प्रत्येक तिमाहीला तसेच येतात, त्यात काही बदलत नाही. वाढत जातं ते फक्त जुन्या शिलकेवरचं व्याज. दुसऱ्या तिमाहीत ते १५२ होतं, विसाव्या तिमाहीत शिल्लक दोन लाखांच्या वर गेलेली असते आणि तिच्यावर एका तिमाहीत ३,३७७ रुपये मिळतात. पहिल्या अख्ख्या वर्षाच्या अडीचपट, एका तिमाहीत. म्हणूनच पहिल्या वर्षाचं व्याज बघून "यात काही राम नाही" म्हणत आरडी सोडणाऱ्यांना मी हेच पान करून दाखवते. आरडीत व्याजाचा मोठा भाग शेवटच्या दीड-दोन वर्षांत पडतो.

असं वीस तिमाह्या केलंत तर शेवटी येतील २,१४,१०१.८५. काउंटरवर सांगितले २,१४,०९७. चार रुपयांचा फरक राहिला, आणि तोही समजून घेण्यासारखा आहे. वहीत आपण तिमाहीच्या आत सरळव्याज लावलं: एका महिन्याला तिमाहीच्या व्याजाचा बरोबर तिसरा हिस्सा. ठरलेल्या सूत्रात मात्र महिन्यालाही चक्रवाढीनेच मोजतात. म्हणजे महिन्याचा गुणक असा घ्यायचा की तो तीनदा गुणला की बरोबर १.०१६७५ यावा. गणिताच्या भाषेत १.०१६७५ चं घनमूळ. ते येतं १.००५५५२४. आपल्या वहीत महिन्याचा गुणक होता १.००५५८३३. सूत्रातला थोडासा कमी, म्हणून शेवटी चार रुपये कमी. हातानं पडताळा घ्यायला वहीची रीत पुरेशी आहे. पैशापर्यंत जुळवायचं असेल तर सूत्र लागतं:

```
M = R × [(1 + i)^n − 1] / [1 − (1 + i)^(−1/3)]
```

यात R म्हणजे मासिक हप्ता, i म्हणजे वार्षिक दर भागिले ४००, n म्हणजे एकूण तिमाह्या. तुमच्या खात्यासाठी i = ०.०१६७५ आणि n = २०. खालचा भाग विचित्र दिसतो, पण तो वर केलेल्याच गोष्टीतून आला आहे. महिन्याचा गुणक x म्हणा. शेवटचा हप्ता एक महिना राहिला, तो x पट झाला. त्याच्या आधीचा x वर्ग पट, आणि पहिला x चा साठावा घात. या साठ आकड्यांची बेरीज म्हणजे गुणोत्तर श्रेढीची बेरीज. तीच आवरून लिहिली की वरचं सूत्र मिळतं, कारण x चा साठावा घात म्हणजेच १.०१६७५ चा विसावा.

मोबाइलचा कॅल्क्युलेटर आडवा धरला की घाताची कळ बहुतेक फोनमध्ये दिसते. १.०१६७५ चा विसावा घात १.३९४०६७. एक वजा केला, उरले ०.३९४०६७. खालचा भाग ०.००५५२१७९. भागाकार ७१.३६५८. या आकड्याला मी गुणक म्हणते: ६.७ टक्के दर आणि ६० हप्ते असतील तर दरमहाचा प्रत्येक रुपया मुदतीअखेर ७१ रुपये ३६.५८ पैसे होतो. तुमचे ३,००० झाले २,१४,०९७. शंभराची आरडी असेल तर ७,१३६.५८, दहा हजारांची असेल तर ७,१३,६५८. हप्ता बदलला तरी सूत्र पुन्हा करायची गरज नाही, गुणक तोच.

हातानं करताना एक काळजी घ्या. खालचा आकडा फार लहान आहे, तो मध्येच तोडू नका. ०.००५५२१७९ च्या जागी ०.००५५ घेतलंत तर उत्तर २,१४,९४५ येतं. साडेआठशे रुपये उगाच वाढतात आणि मग पोस्टाशी वाद होतो. निदान सहा अर्थपूर्ण अंक ठेवा आणि पूर्ण रुपया करायचा तो अगदी शेवटी.

संगणकावर एक्सेल असेल तर ही एक ओळ पुरे:

```
=FV((1+6.7%/4)^(1/3)-1, 60, -3000, 0, 1)
```

पहिला भाग म्हणजे घनमुळाने काढलेला महिन्याचा दर. ३,००० उणे लिहिलेत कारण पैसे आपल्या खिशातून जातात. शेवटचा १ फार महत्त्वाचा आहे. त्याचा अर्थ, हप्ता महिन्याच्या सुरुवातीला भरला. तिथे काहीच लिहिलं नाही तर एक्सेल ० धरतं आणि प्रत्येक हप्त्याचा एक महिना कापला जातो. शेवटच्या हप्त्याला तर काहीच व्याज मिळत नाही.

नेटवरच्या हिशोब-यंत्रांमध्ये जे वेगवेगळे आकडे दिसतात ते बहुधा याच दोन ठिकाणी चुकलेले असतात. दर ६.७ भागिले १२ घेऊन दरमहा चक्रवाढ केली तर २,१४,३०९ येतात, म्हणजे २१२ रुपये जास्त. त्यातच शेवटचा १ विसरला तर २,१३,११९, म्हणजे ९७८ रुपये कमी. म्हणून कुणी वेगळा आकडा दाखवला तर आधी फरक मोजा. दोनशेच्या घरात असेल तर चक्रवाढ महिन्याला मोजली आहे, हजाराच्या घरात कमी असेल तर हप्ता महिनाअखेरचा धरला आहे. आणि वीस-पंचवीस हजारांचा असेल तर तुमचीच चूक त्यानेही केली आहे.

इथपर्यंतचा सगळा हिशोब एक गोष्ट धरून चालतो, ती म्हणजे साठही हप्ते वेळेवर गेले आणि खातं मुदतीपर्यंत चाललं. ते तुमच्या हातात आहे, तेव्हा कुठे आकडा हलतो आणि कुठे नाही ते सांगते.

दर हलत नाही. सरकार अल्पबचतीचे दर दर तिमाहीला जाहीर करतं, पण आरडीला खातं उघडलं त्या दिवशीचा दर पाच वर्षं कायम राहतो. २०२२ साली ज्यांनी ५.८ टक्क्यांनी खातं उघडलं, त्यांचा दर ऑक्टोबर २०२३ पासून नव्या खात्यांना ६.७ मिळू लागले तरी ५.८ च राहिला. ३,००० च्या हप्त्याला त्यांचे २,०९,०९० होतात. शेजारच्या बाईला २,१४,०९७ आणि मला पाच हजार कमी का, असं विचारत कुणी आलं की मी आधी पासबुकावरची खातं उघडल्याची तारीख बघते.

महिन्यात कोणत्या दिवशी भरता याने रक्कम हलत नाही, फक्त तुमच्या पंधरवड्यात भरायला हवं. खातं १ ते १५ तारखेत उघडलं असेल तर दर महिन्याच्या १५ पर्यंत, १६ नंतर उघडलं असेल तर महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवसापर्यंत. २ तारखेला भरलं काय नि १४ ला भरलं काय, व्याज तेच. पगार १० ला होत असेल तर १ तारखेसाठी कुणाकडून उसने घेण्यात काही अर्थ नाही.

खंड पडला तर मात्र दंड आहे: शंभर रुपयांना महिन्याला एक रुपया. तुमच्या हप्त्याला ३० रुपये. आता तो पाठ केलेला आकडा आठवा: तुमचा एक हप्ता महिन्याला कमावतो १६.७५. म्हणजे एक महिना उशीर झाला की त्या हप्त्याचं जवळजवळ दोन महिन्यांचं व्याज दंडात जातं. मागचा हप्ता दंडासकट भरला की मुदतीअखेरची रक्कम तीच राहते. चार हप्ते थकले की खातं बंद पडतं आणि चौथा हप्ता चुकल्यापासून दोन महिन्यांत ते पुन्हा सुरू करून घ्यावं लागतं. त्यानंतर त्यात हप्ते भरता येत नाहीत.

याच्या उलट बाजूही आहे, ती फार कमी लोक वापरतात. सहा हप्ते एकदम आगाऊ भरले तर शंभराला १० रुपये सूट मिळते, बारा भरले तर ४०. तुम्हाला सहाला ३००, बाराला १,२००. फायदा आहे का ते त्याच १६.७५ ने तपासा. बारा हप्ते एकदम भरले तर पहिला वेळेवरच गेला, दुसरा एक महिना आधी, तिसरा दोन महिने, शेवटचा अकरा महिने आधी. एकूण ६६ महिने. ६६ गुणिले १६.७५ म्हणजे १,१०५ रुपये ५० पैसे. सूट त्याहून थोडी जास्त आहे. दिवाळीचा बोनस बचत खात्यात ४ टक्क्यांवर पडून राहणार असेल तर बारा हप्ते आधीच भरून टाकणं मला जास्त बरं वाटतं.

सर्वांत मोठा फटका मुदतीआधी खातं बंद केल्याने बसतो. तीन वर्षांनंतर तसं करता येतं, पण मग सगळ्या काळासाठी दर मिळतो बचत खात्याचा, सध्या ४ टक्के. आणि हे मुदत एक दिवस राहिली असली तरी लागू होतं. माझ्या एका खातेदारणीने मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी मुदतीला बारा दिवस असताना खातं बंद केलं. मी तेव्हा गावी गेले होते, तिने मला फोन केला नाही आणि काउंटरवर तिला कुणी थांबवलं नाही. परत आल्यावर तिच्या हातातली पावती बघून मला फार वाईट वाटलं. तुमच्या खात्यावर हा हिशोब करून बघा: ४ टक्क्यांनी सरळव्याज १८,३०० च्या आसपास होतं, ३४,०९७ च्या जागी. बारा दिवसांसाठी पंधरा हजारांहून जास्त गेले.

तिला कर्ज घेता आलं असतं. एक वर्ष होऊन बारा हप्ते गेले की खात्यातल्या रकमेच्या निम्म्यापर्यंत पोस्ट कर्ज देतं, आरडीच्या दरापेक्षा २ टक्के जास्त व्याजाने. तुमच्या बाबतीत ८.७ टक्के. मुदतीला एक महिना असताना ९०,००० घेतले तर त्या महिन्याचं व्याज साडेसहाशेच्या आसपास. फेडलं नाही तरी मुदतीला मिळणाऱ्या रकमेतून वळतं करून घेतात. पंधरा हजार आणि साडेसहाशे, दोन्ही आकडे शेजारी लिहून मी आता प्रत्येक खातेदाराच्या कार्डाच्या आतल्या बाजूला चिकटवून देते.

बँकेच्या आरडीलाही चक्रवाढ सहसा तिमाहीच असते, तेव्हा सूत्र तेच चालतं, फक्त i आणि n बदला. दंड आणि मुदतीआधी बंद करण्याचे नियम मात्र प्रत्येक बँकेचे वेगळे असतात, ते खातं उघडतानाच वाचून घ्या. आणि व्याज तुमच्या उत्पन्नात धरलं जातं, त्यावर तुमच्या टप्प्याप्रमाणे कर लागतो. आरडीत भरलेले पैसे ८०सी मध्येही बसत नाहीत. २,१४,०९७ हा कराआधीचा आकडा आहे.

आता तुमच्या २,४०,३०० बद्दल. तेवढी रक्कम कशासाठी तरी लागणार म्हणून तुम्ही ठरवली असेल, तर हप्ता किती हवा ते उलट्या बाजूने काढा: २,४०,३०० भागिले ७१.३६५८, म्हणजे ३,३६७ रुपये १६ पैसे. पोस्टात हप्ता दहाच्या पटीत लागतो, म्हणजे ३,३७०, आणि मुदतीअखेर २,४०,५०३ मिळतील. चालू खात्याचा हप्ता मध्येच वाढवता येत नाही. ते तसंच चालू ठेवा आणि ३७० चं दुसरं खातं उघडा. मात्र त्याची साठ महिन्यांची मुदत उघडल्या दिवसापासून मोजली जाते आणि दरही त्या दिवशीचा लागतो, तेव्हा याच महिन्यात उघडलंत तर दोन्ही खाती जवळजवळ एकाच वेळी पिकतील.